छातीला मुका मार आणि पहिला ‘नॉर्मल’ एक्स-रे

समजा, रात्री ८ वाजता गतिरोधकावर दुचाकी घसरली आणि ६८ वर्षांच्या गृहस्थांच्या उजव्या छातीवर हँडल आदळलं. ९ वाजता रुग्णालयात त्यांना आडवं झोपवून छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसं स्वच्छ दिसतात, ऑक्सिजन ९६ टक्के आहे, श्वास मिनिटाला २० आहेत. खोल श्वास घेताना मात्र कळ येते आणि बरगड्यांवर एका जागी बोट ठेवलं तरी ते कळवळतात. घरच्यांना वाटतं, एक्स-रे नॉर्मल आला, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना धाप लागलेली असते, श्वास २८ वर गेलेले आणि ऑक्सिजन ९० वर उतरलेला असतो. नवीन एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात धुरकट पांढरा डाग दिसतो. सीटी स्कॅनमध्ये पाचवी ते आठवी अशा चार बरगड्या मोडलेल्या निघतात.

रात्रीचा एक्स-रे वाचण्यात चूक झालीच असेल असं नाही. त्या वेळी फिल्मवर दिसण्याजोगं फारसं काही नव्हतं.

मार बसला की फुप्फुसातल्या केशवाहिन्या फुटतात आणि रक्त हळूहळू वायुकोशांत झिरपतं. पाठोपाठ सूज येते आणि पाणीही साचू लागतं. दंडावरचा मार जसा दुसऱ्या दिवशी अधिक काळानिळा दिसतो, तसंच हे आहे. एक्स-रेमध्ये हवा काळी आणि पाणी-रक्त पांढरं दिसतं, त्यामुळे पुरेसे वायुकोश भरेपर्यंत डाग उमटत नाही. बहुतेकदा तो पहिल्या ६ तासांत दिसू लागतो, पण कधी २४ तासही लागतात. त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि गुंतागुंत झाली नाही तर आठवड्याभरात डाग विरतो. भरलेल्या वायुकोशांजवळून रक्त वाहत राहतं, पण तिथे हवाच नसल्यामुळे ते ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. ऑक्सिमीटरवरचा आकडा उतरतो तो यामुळे.

बरगड्यांचं कारण वेगळं आहे. बरगडी गोल वळते, म्हणून बाजूचा भाग सपाट चित्रात स्वतःवरच दुमडल्यासारखा दिसतो. तुकडे जागचे हलले नसतील तर चीर दिसतच नाही, आणि पुढचा कूर्चेचा भाग तर एक्स-रेमध्ये उमटतच नाही. साध्या एक्स-रेमध्ये निम्म्याच्या आसपास बरगडीभंग निसटतात. त्यात आडवं झोपवून फिल्म काढली असेल तर छातीत सुटलेली हवा पुढे तरंगते आणि रक्त पाठीमागे पसरतं, त्यामुळे दोन्ही सहज लपतात. उभ्याने काढलेल्या फिल्ममध्येही साधारण २०० ते ३०० मिलिलिटर रक्त साचल्याशिवाय खालचा कोपरा बुजत नाही.

मग सगळ्यांचाच सीटी स्कॅन का करत नाहीत? जागेवरच असलेल्या एका-दोन बरगड्यांचा उपचार सीटीमुळे बदलत नाही. जोराचा अपघात, जास्त वय, कमी होणारा ऑक्सिजन किंवा अनेक बरगड्या मोडल्याची शंका असेल तर मात्र तो करावा. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांमागे प्लीहा असते आणि उजवीकडे यकृत, म्हणून तिथला मार हा पोटाचाही मार समजून तपासतात. लहान मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. एकही न मोडता आतलं फुप्फुस ठेचलं जाऊ शकतं, त्यामुळे ‘हाड शाबूत आहे’ एवढ्यावर मुलाला मोकळं समजू नये.

आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांना रात्रीच भरती करून घ्यायला हवं होतं. वय ६५ च्या पुढे, चांगलीच दुखणारी छाती आणि जोराचा मार एवढं कारण पुरेसं होतं. दर काही तासांनी श्वास मोजायचे, ऑक्सिजन पाहायचा आणि त्रास वाढला की लगेच, नाहीतर सकाळी, पुन्हा एक्स-रे काढायचा.

उपचाराचा गाभा वेदनाशमन हाच आहे. दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकणं टाळतो, कफ साचतो, फुप्फुसाचा तळ आकसतो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला देतात, मूत्रपिंड आणि पोट ठीक असेल तर दुसरी वेदनाशामकंही देतात. तेवढ्याने भागलं नाही तर भूलतज्ज्ञ छातीच्या नसा बधिर करतात. दुखणं आवाक्यात आलं की जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास आणि उशी छातीशी धरून खोकणं जमतं. छातीभोवती घट्ट पट्टा बांधायची जुनी पद्धत नुकसान करते, कारण ज्या श्वासाची गरज आहे तोच पट्टा अडवतो. शिरेतून सलाइनही जपून देतात, कारण जास्तीचं पाणी ठेचलेल्या फुप्फुसात झिरपू शकतं.

घरी सोडल्यावरही दम वाढणं, ताप, खोकल्यातून रक्त, चक्कर किंवा खांद्यात-पोटात नवं दुखणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी परत यावं. छातीत रक्त काही दिवसांनीही साचू शकतं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. त्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, पण त्या चालू आहेत हे पहिल्या तपासणीतच सांगावं.