वाढीव मोबदल्यातील व्याज आणि प्राप्तिकर : वादाची पार्श्वभूमी

ग्रामीण शेतजमीन प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नसल्यामुळे तिच्या संपादनाच्या मोबदल्यावर कर लागत नाही. शहरालगतच्या शेतजमिनीला मात्र १९७० पासून ही मुभा उरली नाही. पुढे कलम १०(३७) आले आणि १ एप्रिल २००४ नंतर मिळालेला अशा जमिनीचा मोबदला, ती आधीची दोन वर्षे प्रत्यक्ष कसली जात असल्यास, करमुक्त झाला. राहत्या घराच्या जागेला तेव्हा अशी सूट नव्हती.

इतके झाल्यावरही शेतकऱ्याला नोटीस येते ती बहुधा व्याजामुळे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात व्याज दोन प्रकारचे होते. निवाड्याची रक्कम देण्यास उशीर झाला तर कलम ३४ चे, आणि न्यायालयाने मोबदला वाढवला तर त्या वाढीवर, ताबा घेतल्यापासून, कलम २८ चे. दर मात्र सारखाच, पहिल्या वर्षी ९ आणि नंतर १५ टक्के.

एका काल्पनिक प्रकरणात न्यायालयाने जमिनीचा भाव १० लाखांनी वाढवला असे धरू. त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम ३ लाख आणि वार्षिक १२ टक्के दराने दोन वर्षांची वाढ २.४० लाख, अशी वाढ १५.४० लाखांची होते. ताबा दहा वर्षांपूर्वी गेला असेल, तर कलम २८ चे व्याज १४४ टक्के, म्हणजे २२.१७ लाखांहून थोडे अधिक भरते. व्याज मुद्दलापेक्षा मोठे होते, म्हणून त्याला काय म्हणायचे यावरच सारे अवलंबून राहते.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २००९ रोजी घनश्याम प्रकरणात कलम २८ चे व्याज हा वाढीव मोबदल्याचाच भाग मानला आणि कलम ३४ चे व्याज त्यापासून वेगळे ठेवले. त्याच्या दहाच दिवस आधी संसदेत मांडलेल्या वित्त विधेयकात मात्र मोबदल्यावरील व्याज मिळाल्याच्या वर्षी ‘इतर उत्पन्न’ धरण्याची आणि त्यातून निम्मी वजावट देण्याची तरतूद होती. ती १ एप्रिल २०१० पासून लागू झाली. वरच्या उदाहरणात तिच्यानुसार सुमारे ११.०९ लाख करपात्र ठरतात, तर घनश्याम निकालानुसार, जमीन ग्रामीण असल्यास, काहीच नाही.

ही दुरुस्ती थकीत व्याज वर्षानुवर्षे विभागून आकारण्याची अडचण दूर करण्यापुरती होती, व्याजाचे स्वरूप बदलण्यासाठी नव्हती, असे मानून गुजरात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये करदात्याची बाजू उचलून धरली. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये नेमके उलट ठरवले. माझ्या मते गुजरातचे वाचन दुरुस्तीच्या हेतूला अधिक धरून आहे, पण कलमाचे शब्द विभागाच्या बाजूने झुकतात हेही नाकारता येत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ ने निवाड्याची रक्कम, कलम ४६ खालील खाजगी खरेदी वगळता, करमुक्त केली, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१६ च्या परिपत्रकाने ती सूट बिगरशेती जागेलाही लागू असल्याचे स्पष्ट केले. जुन्या कायद्याखालील निवाड्यांना मात्र या कलमाचा आधार आपोआप मिळत नाही. म्हणून अशा प्रकरणात न्यायालयाच्या हुकुमातील हिशेबपत्रक मागून भाव, दिलासा रक्कम, १२ टक्क्यांची वाढ, कलम २८ आणि कलम ३४ हे आकडे वेगळे करून घ्यावे लागतात. एकरकमी धनादेशावरून हे विभाजन कळत नाही.