ओल्या पावलाचा ठसा आणि धावायचे बूट

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर नव्यानं धावायला लागलेला माणूस बूट घ्यायला गेला की प्रश्न ठरलेला, "पाऊल सपाट आहे काय?" मग घरी न्हाणीघराच्या शहाबादी फरशीवर ओलं पाऊल टेकवून बघायचं. अख्खा तळवा उमटला तर कमान बसकी, टाच आणि चवड्याला जोडणारी नुसती बारीक पट्टी उमटली तर कमान उंच. बसक्या कमानीला आतल्या बाजूनं टणक आधाराचा बूट, उंच कमानीला मऊ कुशनचा आणि मधल्यांना दोन्हींच्या मधला. हा नियम आता इतका रुळलाय की तो आला कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही.

सपाट पावलाचा धसका मुळात फौजेचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच, त्यामुळे येळ्ळूर-खानापूरकडच्या भरतीच्या पोरांना ही भीती ओळखीची आहे. पण चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत दिसली, पाऊल लवचीक असलं आणि दुखत नसलं, तर ते पाऊल फौजेलाही चालतं. १९४७ मध्ये हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी कॅनडाच्या सुमारे ३,६०० सैनिकांची पावलं तपासून हेच सांगितलं होतं: कमान बसकी असणं म्हणजे अधूपण नव्हे, त्रास देतं ते ताठर पाऊल किंवा आखडलेली घोट्यामागची शीर. १९९२ मध्ये राव आणि जोसेफ यांनी दक्षिण भारतातल्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. पायताण घालणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. म्हणजे ठशाच्या आकारात सवयीचाही वाटा असतो.

बुटांकडे हा विचार वळला तो जॉगिंगच्या लाटेत. बिल बॉवरमन या अमेरिकी प्रशिक्षकानं १९६२ मध्ये न्यूझीलंडमध्ये सामान्य माणसं हळूहळू धावताना पाहिली आणि ते वेड मायदेशी नेलं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर बुटाच्या मधल्या थरात ईव्हीए नावाचा हलका फोम आला. टाच टेकल्यावर पाऊल आत कलतं, ते जास्त कललं की गुडघा-नडगी दुखते, असं तेव्हा गृहीत धरलं गेलं. म्हणून आतल्या बाजूला टणक फोम घालायची पद्धत पडली, आणि ओला ठसा ही ते कलणं ओळखायची सोपी खूण ठरली. खरी मेख इथं आहे. ठसा उभ्या पायाचा असतो. धावताना तो पाय किती कलेल, हे त्यावरून नीट कळत नाही.

या नियमाची मोठी परीक्षाही फौजेतच झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी लष्कराच्या सुमारे ३,००० नव्या रंगरुटांपैकी निम्म्यांना ठशाप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या ९२७ नवख्या धावपटूंचा अभ्यास आला. सगळ्यांना साधे, आधार नसलेले बूट दिले होते. वर्षभरात आत कलणाऱ्या पावलांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. तरी नियम पुरता खोटा म्हणवत नाही. २०१६ च्या लक्झेंबर्गमधल्या प्रयोगात पाऊल ठळकपणे आत कलणाऱ्यांना आधाराच्या बुटांचा फायदा दिसला. माझं मत असं, की बसकी कमान बघून महागडा टणक बूट गळ्यात मारून घ्यायचं कारण नाही. पायाला काय बरं वाटतं ते आधी बघावं.

माझा भाचा चौतीस वर्षांचा, वजन ७८ किलो, ठसा पूर्ण सपाट. नडगी दुखायला लागली तसा जुने बूट घेऊन आला. "मामा, टाच बाहेरून झिजलीय, माझं चालणंच वाकडं हाय काय?" तसं नव्हतं. बहुतेकांची टाच बाहेरच्या मागच्या कोपऱ्यावर आधी टेकते, म्हणून तिथली झीज नेहमीचीच. तळ नुसता कुठं घासलं ते सांगतो. मी बूट टेबलावर ठेवून मागून डोळ्याच्या रेषेत बघायला लावले. डावा सरळ उभा होता, उजवा आत झुकलेला. उजव्याच्या फोमवर आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या होत्या आणि अंगठ्यानं दाबलं तर डाव्यासारखा उसळत नव्हता. तेच बूट तो दोन वर्षं ऑफिसलाही घालत होता. त्यात पहिल्याच आठवड्यात रोज पाच किलोमीटर धावला. नडगीचं मोठं कारण मला तेच वाटतं.

नवे बूट घ्यायला आम्ही संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. धावायचे मोजे घालून, पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवून त्यानं तीन जोड घातले आणि गल्लीत थोडं धावून बघितलं. टणक आधाराचा जोड कमानीखाली टोचला. फार मऊ जोडात वळताना टाच डुलली. मध्यम कुशनचा साधा जोड घेतला तेव्हा तो म्हणाला, "ह्यात पायाकडं लक्षच जात नाही." आता तो एक दिवसाआड दोन किलोमीटर धावतो, आठवड्याला सहा-सात. फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला बसतो, तेव्हा हा जोड वर्षभर सहज टिकेल, ऑफिसला घातला नाही तर.