वाकळा धुतल्या, तरी खाज कशी सुरू झाली?

घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची रीत कोल्हापुरात अजून टिकून आहे. कसबा बावड्यातल्या एका घरानेही या वर्षी ती पाळली. वाकळा आणि चादरी पंचगंगेच्या घाटावर धुऊन आल्या, गाद्यांना ऊन दाखवले गेले, आणि नेमक्या त्यानंतरच्या आठवड्यात घरातला नऊ वर्षांचा मुलगा रात्री अंग खाजवत उठू लागला. पुढच्या काही दिवसांत त्याच्या आईला आणि आजीलाही तोच त्रास सुरू झाला. हे घर उदाहरणासाठी कल्पिलेले आहे, पण त्यात घडणारा क्रम त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी ऐकायला मिळतो. एवढी धुलाई होऊनही खाज कशी आली, या प्रश्नाच्या उत्तरात खरूज या रोगाचे बरेचसे वर्तन सामावलेले आहे.

या घरात गणपतीला मुलाचा आतेभाऊ आला होता. तो तालमीत राहतो आणि रोज कुस्ती करतो. दहा दिवस दोघे भाऊ एकाच वाकळेत झोपले. खरजेचा किडा हा गोचिडीच्या कुळातला, आठ पायांचा जीव असून त्याची मादी जेमतेम ०.४ मिलिमीटर लांब असते. तिला उडता येत नाही किंवा उडी मारता येत नाही, ती फक्त सावकाश चालते. त्यामुळे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला तिला त्वचेचा त्वचेशी बराच वेळ, साधारणपणे दहा-वीस मिनिटे, सलग संबंध लागतो. हात मिळवल्याने किंवा शेजारी बसल्याने सहसा काही होत नाही. एकत्र झोपणे, तान्ह्या मुलाला कडेवर घेणे, पती-पत्नीचा सहवास आणि कुस्तीची पकड यांतून मात्र तिला हवा तेवढा वेळ मिळतो.

नव्या अंगावर पोचलेली मादी त्वचेच्या सर्वांत वरच्या, निर्जीव थरात आडवे भुयार खणत पुढे सरकते आणि महिना-दीड महिन्याच्या आयुष्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात आणि सुमारे दोन आठवड्यांत ती वाढून तयार होतात. हे सर्व चालू असताना माणसाला काहीच जाणवत नाही, कारण खाज किड्याच्या चावण्याने येत नाही. किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी झाल्यावर ती येते आणि पहिल्या वेळी त्याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. गणपती बसल्यापासून नवरात्र येईपर्यंत साधारण चार आठवडे होतात. घाटावर वाकळा धुतल्या गेल्या तेव्हा किडे वाकळांत नव्हते. ते घरातल्या तीन-चार जणांच्या त्वचेत होते.

सुरुवातीला घरच्यांनी दोष डासांना दिला, मग ढेकणांना. मच्छरदाणी लावली, पलंगावर औषध फवारले, पण उपयोग झाला नाही. डास चावला की काही मिनिटांत गांधी उठते, ती उघड्या हातापायांवर असते आणि एक-दोन दिवसांत विरते. ढेकणाचे चावे झोपेत उघड्या राहिलेल्या भागावर, पुष्कळदा तीन-चार एका ओळीत उठतात आणि गादीच्या शिवणीत त्याच्या विष्ठेचे काळे ठिपके सापडतात. पिसवा बहुतेक गुडघ्याखाली चावतात. खरूज याच्या उलट झाकलेल्या आणि घडीच्या जागा निवडते: बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखा, बेंबीभोवतीचा भाग, कंबरपट्टा, नितंब, पुरुषांत जननेंद्रिय आणि स्त्रियांत स्तनाग्रांभोवतालची त्वचा. मोठ्या माणसाचा चेहरा सहसा सुटतो, पण तान्ह्या मुलांत तळहात, तळपाय आणि डोकेही सापडते. शिवाय चाव्याची गांधी येते आणि जाते, तर खरजेच्या पुटकुळ्या आठवड्यागणिक वाढत जातात आणि खाज रात्री, अंथरुणात ऊब आल्यावर, असह्य होते.

आणखी एक खूण मला अधिक बोलकी वाटते. डास आणि ढेकूण घरात राहतात, खरूज अंगासोबत फिरते. आमच्या उदाहरणातल्या आजी या दरम्यान आठवडाभर गडहिंग्लजला लेकीकडे राहून आल्या, तरी त्यांची खाज तसूभरही कमी झाली नाही. ढेकणांचा त्रास असता तर तिकडे आराम पडला असता.

खात्रीची खूण म्हणजे ते भुयार. मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा बोटांच्या बेचकीत, तिरप्या उजेडात पाहिले तर पाच-दहा मिलिमीटर लांबीची, करड्या रंगाची, किंचित नागमोडी रेघ दिसते आणि तिच्या एका टोकाला बारीक ठिपका असतो. रेघ ओळखू येत नसेल तर डॉक्टर त्या जागी शाईच्या पेनाने शाई लावून स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेतात. वरची शाई निघून जाते आणि भुयारात शिरलेली तेवढी निळी रेघ म्हणून उरते. मात्र ही खूण दिसली नाही म्हणून खरूज नाही असे ठरत नाही, कारण नेहमीच्या खरजेत संपूर्ण अंगावर प्रौढ माद्या दहा-पंधराच असतात आणि खाजवून खाजवून बरीच भुयारे फुटून गेलेली असतात. घरातल्या एकाहून अधिक जणांना रात्री खाज येते, ही माहिती डॉक्टरांना त्या रेघेइतकीच उपयोगी पडते.

या घराने मध्ये औषधाच्या दुकानातून एक मिश्र मलम आणले होते. अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि खाज दबते, किडे मात्र जिवंत राहतात, आणि पुरळाचे रूप बदलल्यामुळे पुढे निदान करणेही अवघड होते. डॉक्टरांनी अखेर ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम दिले आणि ते घरातल्या सर्वांनी लावावे असे सांगितले. मुलाने आणि आईने लावले. वडिलांना खाज नव्हती, म्हणून त्यांनी लावले नाही, आणि आजींनी दोन दिवसांनी लावले. तीन आठवड्यांत मुलाच्या बोटांत नवी भुयारे दिसू लागली. औषध फसले, असे घरच्यांना वाटले. प्रत्यक्षात खाज सुरू होण्याआधीच्या अवस्थेत असलेल्या वडिलांकडून किडे परत आले होते. एकदा खरूज झालेल्या शरीराची ओळख पक्की झालेली असल्याने दुसऱ्या वेळी खाज महिन्याने नव्हे, तर एक ते चार दिवसांतच सुरू होते.

दुसऱ्या खेपेला त्यांनी शनिवारची रात्र ठरवली. घरातल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, त्याच रात्री कोरड्या अंगाला मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत मलम लावले. पुटकुळ्या दिसतात तेवढ्याच जागी लावण्याची चूक फार होते. प्रौढ माणसाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम मलम लागते, आणि नखे कापून त्यांच्या खालची जागा, बेंबी, जांघा, पाठीचा मधला भाग, तळपाय यांतले काहीही सुटता कामा नये. लहान मुलांत आणि वृद्धांत डॉक्टर डोके आणि चेहराही, डोळे-तोंड वगळून, लावायला सांगतात. मलम आठ ते चौदा तास अंगावर राहायला हवे. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे. अंडी औषधातून वाचू शकतात, म्हणून सात दिवसांनी हेच पुन्हा करायचे. पोटातून घ्यायचे आयव्हरमेक्टिनही दिले जाते, पण गरोदर स्त्रिया आणि १५ किलोखालील मुलांना ते देत नाहीत, त्यामुळे त्याचा निर्णय डॉक्टरांचाच. गडहिंग्लजच्या लेकीच्या घराला आणि तालमीतल्या मुलांनाही निरोप गेला. अवघडल्यासारखे झाले तरी तो द्यावाच लागतो.

रविवारी सकाळी अंघोळीनंतर धुण्याचा प्रश्न आला. कपड्यांची भीती माणसांना नेहमीच अधिक वाटत आली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सैनिकांच्या घोंगड्या निर्जंतुक करण्यावर मोठा खर्च होत होता. त्या काळात, १९४१ पासून, केनेथ मेलनबी यांनी शेफील्डमध्ये युद्धास नैतिक विरोध असलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांनी वापरलेल्या घोंगड्यांत स्वयंसेवक उघड्या अंगाने झोपले, तरी लागण क्वचितच झाली. रुग्णासोबत एका बिछान्यात झोपल्यावर मात्र ती झाली. अंगावर एवढे थोडे किडे असताना कापडावर ते कितीसे पडणार? त्वचेपासून दूर झालेला किडा नेहमीच्या हवेत दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. कापडातून लागण होऊ शकते, पण तो दुय्यम मार्ग आहे, आणि म्हणूनच कपड्यांवर दोन दिवस घाम गाळून मलमाचा दिवस चुकवणे हा व्यवहार तोट्याचा आहे.

तेव्हा धुवायचे ते मागच्या तीन दिवसांत अंगाला लागलेले: अंगावरचे कपडे, टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे आणि पांघरुणे. पाणी ५० अंशांहून अधिक गरम असावे आणि कापड त्यात किमान दहा मिनिटे पूर्ण बुडलेले राहावे. ज्यांच्याकडे तांब्याचा बंब आहे त्यांना हे सोपे जाते: टबात सुती कपडे घालून वरून बंबातले कढत पाणी ओतायचे आणि टब झाकून ठेवायचा. त्या पाण्यात हात घालवत नसेल तर ते पुरेसे गरम आहे, पण दहा मिनिटे तसे राहण्यासाठी सुरुवात कढत पाण्यानेच करावी लागते. थंड पाण्यात आपटून धुतलेल्या कापडावर तसा भरवसा ठेवता येत नाही, मग साबण कोणताही असो. जाड वाकळा, लोकरी कपडे, रजया आणि मुलांची कापडी खेळणी यांना कढत पाणी झेपत नाही. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवली की आतले किडे उपासमारीनेच संपतात. गाद्यांवर आणि भिंतींवर कीटकनाशक फवारण्याची गरज नाही. दुसऱ्या मलमाच्या सकाळीही अंगावरचे आणि अंथरुणावरचे कापड बदलून असेच धुवावे.

यानंतरही मुलगा दोन-तीन आठवडे खाजवत राहील. मेलेले किडे आणि त्यांची विष्ठा त्वचेचा थर झडेपर्यंत आतच असतात आणि शरीर त्यांच्यावर चिडलेले राहते. त्या भरात मलम रोज लावत राहिल्यास त्वचा कोरडी पडून उलट अधिक खाजते. डॉक्टरांनी दिलेले खाजेचे औषध आणि साधे खोबरेल पुरेसे असते. नवी भुयारे किंवा नव्या पुटकुळ्या दिसल्या, किंवा खाज चार आठवड्यांपलीकडे गेली, तर पुन्हा दाखवावे. खाजवलेल्या जागी पू झाला असेल तर मात्र तेवढे थांबू नये, कारण या जखमांतल्या जंतुसंसर्गानंतर मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. चेहरा सुजणे आणि लघवी तांबडी-तपकिरी होणे ही तिची लक्षणे असून ती दिसताच मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.