भाडे-नुकसान आणि पर्यायी निवास संरक्षण

आग, पूर, भूकंप, स्फोट किंवा पाइप फुटणे अशा विमित घटनेमुळे फ्लॅट राहण्यालायक राहिला नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत मालकाचे बुडणारे भाडे किंवा रहिवाशाला दुसरीकडे द्यावे लागणारे भाडे भरून देणारे गृहविम्यातील कलम. भिंती, फरशी, वायरिंग यांचा खर्च इमारतीच्या विम्यातून मिळतो. फ्लॅट बंद असतानाचे महिने कोणाच्या खिशातून जायचे, एवढाच प्रश्न हे कलम सोडवते. त्यामुळे त्याचा सगळा हिशोब वेळेवर चालतो. या कलमावरून होणारे बहुतेक वादही रकमेचे नसून महिन्यांचे असतात.

भारतात विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत हे संरक्षण आहे. अमेरिकेतील प्रमाणित गृहविम्यात त्याला ‘लॉस ऑफ यूज’ म्हणतात. अमेरिकी कलम जास्त विस्तृत आहे. त्यात केवळ भाडे नव्हे, तर हॉटेलचे बिल, बाहेरचे जेवण, धोब्याचा खर्च असा नेहमीच्या खर्चावर पडणारा जादा भारही धरतात. याउलट ज्या पॉलिसीत फक्त ‘भाडे’ असा शब्द आहे, तिच्यात पहिल्या आठवड्यातले हॉटेल आणि सामान हलवणारा टेम्पो धरला जाईलच असे नाही. पॉलिसी हातात घेतल्यावर आधी हा शब्द पाहावा.

राहण्यालायक नाही म्हणजे काय

एक खोली काळी पडली, छताचा गिलावा पडला, महिनाभर घरात धूळ उडणार आहे, ही गैरसोय झाली. पाणी, वीज, संडास, स्वयंपाकाची जागा आणि सुरक्षित जिना यांपैकी एखादी मूलभूत गोष्ट नुकसानीमुळे उपलब्धच नसेल, किंवा स्लॅब-खांबांचा भरवसा नसेल, तर घर राहण्यालायक नाही असे म्हणता येते. हे रहिवाशाने म्हणून भागत नाही. भारत गृह रक्षामध्ये त्यासाठी वास्तुविशारदाचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला लागतो. दाखल्यावर तारीख असते आणि मोजणी त्या तारखेशी ताडून पाहिली जाते. म्हणून घर सोडल्यावर दोन महिन्यांनी दाखला काढणे महागात पडते.

दुसरी अट याहून कडक आहे. इमारतीच्या प्रत्यक्ष नुकसानीचा दावा मान्य झाला, तरच भाड्याचा दावा मान्य होतो. वर्षानुवर्षांची गळती, गंजलेल्या सळ्या, जुनाट बांधकाम यांमुळे घर सोडावे लागले तर मूळ दावाच उभा राहत नाही, मग भाड्याचाही राहत नाही. आपल्या फ्लॅटला काहीच झाले नाही, पण शेजारच्या इमारतीला धोका म्हणून प्रशासनाने सर्वांना बाहेर काढले, तर तो वेगळा प्रकार. अमेरिकी प्रमाणित पॉलिसीत अशा सरकारी मनाईसाठी जास्तीत जास्त दोन आठवड्यांचे संरक्षण असते. जिथे असे कलम नाही तिथे काही मिळत नाही.

कोणाला काय मिळते

मालक स्वतः राहत असेल तर त्याला पर्यायी घराचे भाडे मिळते, पण ते घर मूळ घरासारखेच असावे लागते. भारत गृह रक्षाच्या भाषेत ते मूळ घरापेक्षा कोणत्याही बाबतीत वरचढ नसावे आणि त्याच शहरात असावे. भाडेकरूला फक्त फरक मिळतो, म्हणजे नव्या घराचे भाडे वजा जुन्या घराचे भाडे. आणि तोही त्याची स्वतःची पॉलिसी असेल तरच. मालकाच्या पॉलिसीतून भाडेकरूची सोय होते हा गैरसमज फार पसरलेला आहे. फ्लॅट भाड्याने दिलेल्या मालकाला बुडालेले भाडे मिळते. अमेरिकेत त्यातून, घर बंद असताना जे खर्च होतच नाहीत ते वजा करतात.

मालकाचे भाडे खरोखर बुडाले का, हा प्रश्न भाडेकरारापाशी जाऊन थांबतो. भारतातील मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८(ङ) प्रमाणे आग, वादळ, पूर अशा कारणांनी मिळकतीचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा लक्षणीय आणि कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय भाडेपट्टाधारकाला मिळतो. पण चार-सहा महिन्यांत दुरुस्त होणारे घर ‘कायमचे’ निरुपयोगी नसते. दुरुस्तीच्या काळात भाडे थांबेल असे करारात लिहिलेले नसेल, तर भाडे देणे लागते की नाही यावरच वाद होतो, आणि विमा कंपनी विचारू शकते की देय असलेले भाडे बुडाले कसे? करारातले एक साधे वाक्य हा प्रश्न मिटवते.

मुदतीचा हिशोब

या कलमात दोन मुदती एकाच वेळी चालतात. एक कमाल मुदत, जी पॉलिसी घेताना ठरते. भारत गृह रक्षामध्ये घर निरुपयोगी झाल्यापासून तीन वर्षे ही तिची वरची मर्यादा आहे. दुसरी मुदत म्हणजे दुरुस्तीला लागणारा वाजवी काळ. पैसे या दुसऱ्या मुदतीपुरतेच मिळतात. तीन वर्षांची मर्यादा आहे म्हणजे तीन वर्षे भाडे मिळेल असे नाही, आणि प्रत्यक्ष काम रेंगाळले म्हणून वाजवी काळ आपोआप वाढतही नाही.

फ्लॅटच्या बाबतीत नेमके इथेच अडते, कारण फ्लॅटमालकाच्या हातात त्याच्या घराच्या आतलेच काम असते. स्लॅब, जिना, पाण्याच्या उभ्या लाइन, विजेची मुख्य केबल हे सगळे सामायिक. नुकसान माझ्या घरात, पण दुरुस्तीची जागा दुसऱ्याच्या घरात, असे सर्रास होते. एक उदाहरण पूर्ण पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत. सारख्या घराचे दरमहा भाडे १०० धरले आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आग लागते. वर तिसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटमध्ये मालकाचे कुटुंब राहते, शेजारचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. दोन्ही घरांत ज्वाळा आलेल्या नाहीत. भिंतींवर चिकट काजळी बसली आहे, फरशी तडकली आहे, डक्टमधली मुख्य केबल वितळली आहे. तरी दोन दिवस साफसफाई केली की राहता येईल, असे कुटुंबाला वाटते. मग अभियंता खालच्या घरात जाऊन स्लॅबचा तळ पाहतो. काँक्रीटचे पापुद्रे सुटून सळई उघडी पडली आहे. तो छिन्नीने एक तुकडा काढतो, तर आतला रंग राखाडी न दिसता फिकट गुलाबी दिसतो. बऱ्याच प्रकारच्या खडीचे काँक्रीट साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्यावर असे गुलाबी होते, आणि त्यापुढे त्याची ताकद घटत जाते. गुलाबी थर किती खोल गेला आहे यावर स्लॅब किती खरवडून पुन्हा भरायचा ते ठरते. दाखला त्याच दिवशी मिळतो: वरची दोन्ही घरे राहण्यालायक नाहीत.

विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारा सर्व्हेअर वाजवी काळ चार महिने धरतो: तपासणी आणि टेकू एक महिना, स्लॅबचे काम एक महिना, केबल एक महिना, घरातली फरशी-रंग एक महिना. प्रत्यक्षात कुटुंब सात महिन्यांनी परतते. यातले दोन महिने खालच्या घराच्या मालकाने किल्ली दिली नाही म्हणून गेले, आणि एक महिना कुटुंबाने याच संधीत ओट्याची जागा बदलली म्हणून.

शेवटचा महिना मिळत नाही, कारण तो सुधारणेचा आहे, दुरुस्तीचा नाही. किल्लीचे दोन महिने मात्र मिळू शकतात, कारण खालून काम केल्याशिवाय घर राहण्यालायक होणारच नव्हते आणि विलंब विमाधारकाचा नव्हता. पण हे दाखवावे लागते. या कुटुंबाने सोसायटीला आणि खालच्या मालकाला दर पंधरवड्याला तारीखवार पत्रे दिली होती आणि प्रत्येकाची प्रत सर्व्हेअरला पाठवली होती. म्हणून सहा महिने मान्य झाले. नुसते तोंडी सांगितले असते, तर चारांवर बोळवण होण्याची शक्यता जास्त होती. मधल्या काळात त्यांनी एक खोली जास्त असलेले घर १३० भाड्याने घेतले होते. मान्य झाले १०० प्रमाणे, म्हणजे ६००. प्रत्यक्ष खर्च ९१०.

शेजारच्या मालकाला ९० भाडे येत होते. त्याने विम्यात मात्र चार वर्षांपूर्वीचे ७० भाडे धरून बारा महिन्यांसाठी ८४० ची विमा रक्कम घेतली होती. बुडालेल्या भाड्याचे सूत्र असे: विमा रक्कम गुणिले दुरुस्तीचे महिने, भागिले निवडलेले महिने. ८४० गुणिले ६ भागिले १२, म्हणजे ४२०. नुकसान ५४० चे झाले होते. भाडे दरवर्षी वाढते आणि विमा रक्कम मात्र जुनीच राहते, त्यामुळे ही तूट पडते. नूतनीकरणाच्या वेळी चालू भाडेकरार समोर ठेवून आकडा बदलून घेतला तर ती टळते. निवडलेले महिने कमी असले तर तूट आणखी वेगळ्या वाटेने येते: सहाच महिने निवडले असते आणि काम नऊ महिने चालले असते, तर शेवटचे तीन महिने विम्याबाहेर गेले असते.

त्याचा भाडेकरू १०५ भाड्याच्या घरात गेला. त्याची स्वतःची पॉलिसी होती, म्हणून त्याला दरमहा १५ चा फरक, सहा महिन्यांचे ९० मिळाले. तो परत आला नाही. शेजारचा फ्लॅट सहाव्या महिन्याच्या अखेरीस तयार झाला, पण नवा भाडेकरू मिळायला आणखी दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांचे भाडे मालकाला मिळाले नाही, कारण घर राहण्यालायक झाले त्या दिवशी संरक्षण थांबते. फ्लॅट आगीच्या वेळी रिकामाच असता, तर करार आणि बँकेत जमा होणारे भाडे दाखवता न आल्याने मुळात भाडे बुडाले हेच सिद्ध करणे अवघड गेले असते.

कुटुंब नव्या घरात राहत असतानाही फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता आणि सोसायटीचे देखभाल शुल्क चालूच होते. हे दोन्ही खर्च घर चांगले असतानाही होतेच, त्यामुळे ते या कलमात येत नाहीत.