कोळ्याचा धागा एकच?

"कोळी तोंडातून लाळ काढतो, तीच सुकून चिकट धागा होते आणि त्याच एका धाग्याने तो सगळं करतो."

असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. धागा निघतो पोटाच्या मागच्या टोकाला असलेल्या बारीक बोंडांतून. पोटात वेगवेगळ्या ग्रंथी असतात आणि प्रत्येकीतलं द्रव प्रथिन निराळं. ते ओढलं जाताना घट्ट होऊन धागा बनतं.

पावसाळ्यात बागेत गोल जाळं दिसलं की वाळलेली गवताची काडी घ्या. मध्यापासून कडेला जाणाऱ्या आऱ्यांना ती हलकेच लावा. चिकटत नाही. आता गोल फिरणाऱ्या धाग्याला लावा. काडी चिकटते, धागा रबरासारखा ताणला जातो. भिंगातून त्यावर डिंकाचे मणी दिसतात; कोळी चालतो तो बहुतेक कोरड्या आऱ्यांवरून. (जाळ्यात कोळी बसलेला असेल तर त्याला डिवचू नका.)

घरातला उड्या मारणारा छोटा कोळी सावजासाठी जाळं विणतच नाही. तरी उडी घेण्याआधी धागा भिंतीला चिकटवतो. उडी चुकली की त्यालाच लोंबकळतो. तिरप्या उजेडात हा धागा चमकतो.

अंड्यांच्या पिशवीचा मुख्य धागा आणखी निराळा. त्याची ग्रंथी फक्त मादीत असते.