सुजलेलं मूल: नेफ्रॉटिक सिंड्रोम की नेफ्रायटिस?

सकाळी उठल्यावर मुलाच्या पापण्या सुजलेल्या दिसतात आणि दुपारपर्यंत सूज ओसरते. बहुतेक घरांत आधी डास चावला असं वाटतं, मग ॲलर्जी म्हणून सिरप सुरू होतं. आठवड्याभरात पाय सुजतात, चड्डीच्या इलास्टिकचा वळ उठतो, आणि तेव्हा कुठे लघवी तपासली जाते. रिपोर्टमध्ये प्रोटीन दिसलं की ‘किडनीला सूज आहे’ एवढंच घरच्यांच्या कानावर पडतं. पण या एका वाक्यामागे दोन वेगळे आजार असू शकतात आणि त्यांचे धोकेही वेगळे असतात. एकात रक्तवाहिन्यांतलं पाणी कमी पडू शकतं, दुसऱ्यात ते जास्त होतं.

मूत्रपिंडातली गाळणी चाळणीसारखी धरली, तर नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये तिची भोकं सैल होतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन लघवीतून वाहून जातं. अल्ब्युमिन रक्तातलं पाणी धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं आणि पापण्या, पोट, पाय, मुलग्यांत अंडकोष सुजतात. मूत्रपिंडही मीठ धरून ठेवतं, त्यामुळे सूज वाढत राहते. नेफ्रायटिसमध्ये, म्हणजे घशाच्या किंवा त्वचेच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर होणाऱ्या नेहमीच्या प्रकारात, गाळणीला दाह होतो. ती तुंबते, लघवी कमी होते आणि रक्तपेशी लघवीत उतरतात. मीठ आणि पाणी शरीरात साचतं, म्हणून रक्तदाब वाढतो.

समजा, चार वर्षांचा मुलगा आहे. वजन 16 किलो होतं, दहा दिवसांत 19 झालं. लघवीला फेस येतो, रंग साधा आहे, रक्तदाब वयाच्या मानाने ठीक आहे. लघवीत बुडवलेल्या तपासणीच्या पट्टीवर प्रोटीन 4+ येतं, रक्तातलं अल्ब्युमिन 1.8 ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं. हे चित्र नेफ्रॉटिकचं आहे. आता आठ वर्षांची, 22 किलोची मुलगी घ्या. तीन-चार आठवड्यांपूर्वी खरजेचे फोड चिघळले होते. सूज चेहऱ्यापुरती आहे, लघवी कोलासारखी तपकिरी आणि दिवसभरात जेमतेम 200 मिलिलिटर. प्रोटीन 2+, रक्तदाब 140/96, रक्तातला सी-3, म्हणजे प्रतिकारशक्तीचं एक प्रोटीन, कमी. हे नेफ्रायटिस. घसा दुखल्यावर ही लक्षणं एक-दोन आठवड्यांत येतात, त्वचेच्या संसर्गानंतर तीन ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात फोड बरे झालेले असतात, म्हणून त्यांच्याबद्दल मुद्दाम विचारावं लागतं.

सगळी मुलं अशी सरळ दोन खणांत बसत नाहीत. नेफ्रॉटिकच्या काही मुलांत सूक्ष्मदर्शकाखाली थोड्या लाल पेशी सापडतात, आणि नेफ्रायटिसमध्ये क्वचित प्रोटीनही भरपूर जातं. पण उघड लाल लघवी, सतत वाढलेला रक्तदाब, कमी सी-3 किंवा एक वर्षाखालचं वय असेल, तर साधा नेफ्रॉटिक समजून स्टिरॉइड सुरू करत नाहीत, आधी बालमूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवतात.

लघवीची तपासणी घरी शिकून घ्यावीच लागते, कारण नेफ्रॉटिक आजार बहुतेक मुलांत उलटतो. सकाळची पहिली लघवी घ्यायची. पट्टी बुडवून काढायची, जादा थेंब झटकायचे आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवायचा. उशिरा पाहिलं तर रंग गडद होऊन प्रोटीन जास्त भासतं. पट्टी नसेल तर काचेच्या नळीत लघवी घेऊन फक्त वरचा भाग तापवतात. गढूळपणा आला तर पातळ ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे: विरघळला तर ते फॉस्फेट, राहिला तर प्रोटीन. नळीचं तोंड कोणाकडेही करू नये, उकळी उसळते. सलग तीन दिवस 3+ किंवा 4+ म्हणजे आजार उलटला, सलग तीन दिवस शून्य किंवा ट्रेस म्हणजे तो आटोक्यात आला. सर्दी-तापात एखादा दिवस प्रोटीन दिसणं वेगळं.

वॉर्डातही दोघांवरची नजर वेगळी असते. नेफ्रॉटिक मुलाचं वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर आणि तेवढ्याच कपड्यांत घ्यायचं. पोटाचा घेर बेंबीवरून मोजायचा आणि टेप कुठे धरायची तिथे पेनाने खूण करून ठेवायची. घेर बोटभर इकडेतिकडे मोजला की तुलनाच राहत नाही. स्टिरॉइडचा डोस सुजेआधीच्या वजनावर काढतात, म्हणून वरच्या मुलासाठी हिशेब 16 किलोचा, 19 चा नाही.

या मुलात गाफील राहायला लावणारी गोष्ट म्हणजे अंगावर सूज असूनही रक्तवाहिन्या कोरड्या पडू शकतात. हातपाय गार, नाडी जलद, पोटात दुखतंय, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागताहेत, अशा वेळी ‘सूज आहे, लघवीचं इंजेक्शन द्या’ हा सरळ विचार घातक ठरतो. पाणी आणखी कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. ताप आणि पोटदुखी एकत्र आली तर पोटाच्या पडद्याचा संसर्ग असू शकतो. स्टिरॉइडमुळे त्याची लक्षणं दबलेली असतात, म्हणून थांबून पाहायचं नाही.

नेफ्रायटिसच्या मुलीत मुख्य काम रक्तदाबाचं. सुरुवातीला दर चार तासांनी, जास्त असेल तर त्याहून वारंवार. कफ लहान असेल तर आकडा खोटाच वर येतो. त्याच्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण 40 टक्के हवी. डोकं दुखणं, उलटी, धूसर दिसणं, झटका ही मेंदूवर दाब आल्याची चिन्हं. आडवं झाल्यावर दम लागला तर पाणी फुप्फुसात साचतंय.

तिचं पाणी मोजून द्यायचं. शरीरातून घाम-श्वासाने जाणारं पाणी दिवसाला शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला साधारण 400 मिलिलिटर धरतात. तिच्या शरीराचं क्षेत्रफळ 0.85 चौरस मीटर, म्हणजे 340 मिलिलिटर, त्यात कालची लघवी 200 मिळवली की दिवसाला 540 मिलिलिटर. दूध, वरण, ताक सगळं यातच. नेफ्रॉटिक मुलाला असं सरसकट पाणी तोडायचं नसतं.

मीठ मात्र दोघांचंही कमी करायचं: पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स, बेकरीची बिस्किटं बंद. सैंधवही मीठच आहे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, ते लघवी कमी असलेल्या नेफ्रायटिसच्या मुलाला देऊ नये. तिच्यासाठी नारळपाणी, केळी, बटाटाही लघवी वाढेपर्यंत थांबवतात. नेफ्रॉटिक मुलाला डाळ, अंडं, दूध वयाला लागतं तेवढं द्यावं. जास्तीचं प्रोटीन खाऊ घालून गळती भरून निघत नाही, अल्ब्युमिन वाढतं ते स्टिरॉइडने गळती थांबल्यावर. सूज उतरली की मिठाचं बंधन सैल करतात, पण स्टिरॉइडने भूक वाढते, म्हणून तळण आणि गोड आवरावं लागतं.

नेफ्रायटिस सहसा आपोआप बरा होतो. पेनिसिलिन दिलं तरी ते उरलेल्या जंतूंसाठी. सी-3 दोन महिन्यांच्या आसपास सुधारतो. त्यापुढेही कमी राहिला तर निदान पुन्हा तपासायला हवं. लघवीतले सूक्ष्म रक्तकण मात्र वर्षभरही दिसू शकतात. नेफ्रॉटिक मुलाचं स्टिरॉइड कधीही अचानक थांबवू नये. मोठा डोस चालू असताना कांजिण्या किंवा गोवर-रुबेलाची जिवंत लस देत नाहीत. घरात कोणाला कांजिण्या झाल्या तर पुरळ येण्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.