रिक्षाचालकाची दैनिक निव्वळ कमाई

रिक्षाचालकाची दैनिक निव्वळ कमाई : प्रवाशांकडून दिवसभरात आलेल्या एकूण रकमेतून इंधन, गाडीमालकाला द्यायची रक्कम आणि दुरुस्तीचा त्या दिवसापुरता वाटा वजा केल्यावर चालकाकडे उरणारी रक्कम. एकूण रकमेला रिक्षावाले ‘धंदा’ म्हणतात आणि सीएनजीला नुसते ‘गॅस’. मराठीत प्रवासी, प्रवाशाने दिलेले पैसे आणि गाडी वापरण्याबद्दल मालकाला द्यायची रक्कम या तिन्हींना ‘भाडे’ हाच शब्द आहे, त्यामुळे तोंडी हिशेबात गोंधळ होतो. म्हणून या नोंदीत मालकाला द्यायच्या रकमेला ‘शिफ्टचे पैसे’ म्हटले आहे. विवेचन मुंबईच्या उपनगरांतील मीटरवर चालणाऱ्या सीएनजी रिक्षांपुरते आहे. शहर भागात रिक्षांना परवानगी नाही.

शिफ्टची पद्धत अशी : परमिट व गाडी मालकाची असते. चालकाकडे लायसन्स व बॅज असतो आणि तो साधारण बारा तासांसाठी ठरलेली रक्कम देऊन गाडी घेतो. ही पद्धत जुनीच आहे. मात्र १९९७ पासून नवी परमिटे बंद असल्याच्या काळात ती अधिक घट्ट झाली असावी, कारण त्या काळात परमिट हेच दुर्मीळ भांडवल होते. परमिटे २०१७ मध्ये खुली झाल्यावर स्वतःची गाडी चालवणारे वाढले, तरी शिफ्ट संपली नाही. गाडी घेण्याच्या वेळच्या पहिल्या रकमेची अडचण परमिट मिळाल्याने सुटत नाही.

निव्वळ कमाई कशाला म्हणावे याविषयी दोन मते आढळतात. भाडेदर ठरवणाऱ्या समित्या, म्हणजे २०१२ च्या दरांमागील हकीम समिती व नंतरची खटुआ समिती, उलट दिशेने निघाल्या. गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, विमा आणि चालकाचा उदरनिर्वाह धरून दर किलोमीटरला किती पैसे पडले पाहिजेत, हे त्यांनी काढले. तो हिशेब सरासरी गाडीचा असतो. चालक मात्र संध्याकाळी खिशातले पैसे मोजतो, त्यातून गॅस आणि शिफ्ट वजा करतो आणि उरले ते आपले मानतो. पहिल्या रीतीने एखाद्या चालकाचा विशिष्ट दिवस कळत नाही, तर दुसरीत न दिसणारे खर्च सुटतात. खिशाच्या हिशेबातच दुरुस्तीची रोजची बाजूला ठेव आणि तासांची नोंद घालणे, ही मधली रीत अधिक उपयोगाची दिसते. पुढील मांडणी तिलाच धरून आहे.

धंदा मोजताना सुटणारी पहिली गोष्ट म्हणजे क्यूआर कोडवर आलेले पैसे. ते बँकेत जातात आणि रात्री खिसा मोजताना त्यात नसतात. ॲपवरून आलेले भाडे असेल, तर कमिशन किंवा रोजचे शुल्क वजा जाऊन राहिलेली रक्कमच धरावी. सध्याचा दर फेब्रुवारी २०२५ पासूनचा आहे : पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. ऑक्टोबर २०२२ पासून हेच आकडे २३ व १५.३३ होते. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जास्त मिळतात, म्हणून रात्रपाळीचा हिशेब दिवसपाळीत मिसळू नये.

नमुन्यादाखल एक दिवसपाळी घेऊ. गॅस किलोला ८० रुपये आणि शिफ्ट ३५० रुपये धरली आहे. दोन्ही आकडे जागेनुसार बदलतात. बारा तासांत चोवीस भाडी झाली : आठ किमान दराची, बारा सुमारे तीन किलोमीटरची आणि चार सहा किलोमीटरची. त्यांचे अनुक्रमे २०८, ६१२ आणि ४१२ रुपये होतात. गर्दीत थांबल्याचे मीटरवर चढलेले ६८ मिळवले की धंदा १,३०० होतो. प्रवासी बसलेले अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे, पण गाडीच्या काट्यावर ११२ किलोमीटर पडलेले आहेत. उरलेले ४२ ‘खाली’, म्हणजे प्रवाशाविना धावलेले. या गाडीने किलोला २८ किलोमीटर दिले, म्हणजे चार किलो गॅस, ३२० रुपये. शिफ्टचे ३५० गेल्यावर ६३० उरतात. पंक्चर, क्लच वायर, धुलाई अशी चालकाच्या वाट्याची किरकोळ कामे महिन्याला ७८० रुपयांची धरली, तर सव्वीस दिवसांवर रोजचे ३० पडतात. निव्वळ कमाई ६०० रुपये.

किलोला किती किलोमीटर मिळतात, हा यातला सर्वांत फसवा आकडा आहे. सीएनजी पंपावर टाकी भरली म्हणजे दर वेळी सारखीच भरली असे नसते. पंपाचा दाब कमी असेल किंवा सिलिंडर तापलेला असेल, तर कमी किलो गॅस घेऊनच भरणे थांबते. दुसऱ्या दिवशी दाब चांगला मिळाला की जास्त किलो जातात आणि गाडी अचानक जास्त गॅस खाऊ लागल्यासारखी वाटते. म्हणून एका दिवसाच्या पावतीवरून ॲव्हरेज काढू नये. आठवड्याच्या सर्व पावत्यांतील किलोंची बेरीज करावी आणि काट्यावरच्या एकूण किलोमीटरना तिने भागावे. रांग टाळायला मध्येच पेट्रोलवर चालवले असेल तर तेही खर्चात घ्यावे; ते बहुतेक वेळा विसरले जाते. आठवड्याचे ॲव्हरेज खरोखरच तीन-चार किलोमीटरने उतरले, तर आधी टायरची हवा, मग चिकटलेला ब्रेक, एअर फिल्टर व प्लग पाहतात. गाडी बंद करून हाताने ढकलली तरी जड जाते, हे ब्रेक घासत असल्याचे सोपे लक्षण.

रिकाम्या वेळाबाबत सर्वांत जास्त चुका होतात. नमुन्यातील बारा तासांपैकी प्रवासी बसलेले फक्त पाच. खाली फिरण्यात अडीच तास, स्टँडवर तीन, गॅसच्या रांगेत चाळीस मिनिटे आणि जेवण-चहाला पन्नास मिनिटे गेली. काही जण या वाया गेलेल्या तासांची रक्कम काढून ती कमाईतून वजा करतात. हे दुबार होते : खाली धावल्याचा गॅस ३२० मध्ये आलेलाच असतो आणि न मिळालेले भाडे धंद्यात मुळातच धरलेले नसते. रिकामा वेळ रुपयांतून वजा करायचा नसून भागाकारात घ्यायचा असतो. ६०० भागिले बारा म्हणजे तासाला ५० रुपये. प्रवासी बसलेल्या पाच तासांनीच भागले तर १२० दिसतात. तो आकडा वादात उपयोगी पडत असेल, पण घर चालवायला नाही.

खाली वेळेचे दोन प्रकारही वेगळे मोजावे लागतात. स्टँडवर उभ्या गाडीला गॅस लागत नाही, पण भाड्यासाठी फिरणाऱ्या गाडीला दहा किलोमीटरला सुमारे २९ रुपयांचा गॅस लागतो. तीन किलोमीटरचे एक भाडे ५१ रुपयांचे असून त्याचा स्वतःचा गॅस साडेआठ रुपयांचा होतो. म्हणजे दहा किलोमीटर फिरून एक जादा भाडे मिळत असेल, तर फिरणे परवडते. दुपारी एक ते चार या वेळात ते सहसा मिळत नाही. तेव्हा गॅसची रांग किंवा जेवण उरकणारा चालक तेवढ्याच धंद्यात जास्त शिल्लक ठेवतो. दुपारी पंपावर गर्दी असली तरी संध्याकाळच्या रांगेपेक्षा ती स्वस्त पडते, कारण त्या वेळी सुटणारी भाडी कमी असतात.

शिफ्टचे पैसे ठरलेले असल्याने दिवसाचे दोन भाग पडतात. नमुन्यात प्रवाशासह धावलेल्या प्रत्येक किलोमीटरला सरासरी साडेअठरा रुपये आले. खाली धावेसह गॅस साडेचार रुपयांचा गेला आणि सुमारे चौदा उरले. ३५० भरून यायला असे पंचवीस किलोमीटर लागतात, म्हणजे भाडी दिवसभर सारखी मिळाली तर पहिले सव्वाचार तास मालकाचे. सकाळी दोन तास गाडी बिघडली, तर नुकसान तासाला ५० रुपयांचे नसते. शिफ्ट तशीच राहते आणि बुडतात ते गॅस जाऊन उरणारे तासाचे सुमारे ८२ रुपये. बिघाडाच्या वेळाची सूट मालकाकडून मिळणार की नाही, हे गाडी घेतानाच ठरवून घेतलेले बरे.

लांबचे भाडे नाकारण्यामागचे गणितही याच ८२ रुपयांशी ताडून पाहता येते. बारा किलोमीटरचे २०६ रुपये मिळाले आणि परतताना गाडी खाली आली, तर चोवीस किलोमीटरच्या गॅसचे ६९ जाऊन १३७ उरतात. जाण्यायेण्याला पावणेदोन तास धरले तर तासाला ७८, म्हणजे सरासरीपेक्षा किंचित कमी. परतीला निम्म्या अंतराचे जरी भाडे मिळाले, तरी तेच सरासरीच्या बरेच वर जाते. लांबच्या भाड्यात नुसता तोटाच, हा समज या आकड्यांवर टिकत नाही. नाकारणे नियमबाह्य आहे, ते वेगळेच.

स्वतःची गाडी असल्यास शिफ्टच्या जागी मालकीचा रोजचा खर्च येतो. त्यात हप्ता पूर्ण वजा करणे ही नेहमीची चूक. हप्त्यातील मुद्दल ही गाडीचीच किंमत असते आणि घसारा धरला की ती दुसऱ्यांदा मोजली जाते. खर्चात फक्त व्याज घ्यावे. समजा घसारा वर्षाला २५,००० रुपये, व्याज १४,०००, विमा-पासिंगसह कागदपत्रांचा खर्च १२,००० आणि टायर, ऑइल, क्लच प्लेट, ब्रेक लायनर अशी दुरुस्ती २४,०००. एकूण ७५,००० तीनशे दिवसांवर वाटले तर रोजचे २५० होतात आणि वरच्याच दिवसाला निव्वळ ७३० उरतात. वेगळे ३० धरायचे नाहीत, ते या दुरुस्तीत आले. सीएनजी सिलिंडरची तपासणी तीन वर्षांनी येते, तर आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचे पासिंग दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी. त्यांचे पैसे ज्या महिन्यात जातात त्याच महिन्यावर टाकले, तर तो महिना तोट्याचा दिसतो आणि बाकीचे उगाच भरभराटीचे. हप्ता मात्र हातातील रोकड सांभाळण्यासाठी वेगळा लिहून ठेवावा लागतो, कारण कमाई असूनही हप्त्याच्या तारखेला खिसा रिकामा असू शकतो.

शेअर रिक्षात दर माणशी व मार्ग ठरलेला असल्याने किलोमीटरऐवजी फेरी हे माप वापरतात. तीन सीट भरेपर्यंत थांबण्याचा वेळ त्याच फेरीत धरतात.